शेवटचे शंभर मीटर आणि लॅक्टेटवरचा आळ

वाचकाचे पत्र :

«माझी मुलगी सतरा वर्षांची असून ४०० मीटर धावते. बांबोळीच्या मैदानावर घेतलेल्या चाचणीत पहिले २०० मीटर तिने २९ सेकंदांत कापले, पण पूर्ण शर्यतीला ६६ सेकंद लागले. शेवटच्या शंभर मीटरांत तिचे पाय दगडासारखे होतात, मागच्या मुली पुढे निघून जातात आणि रेषा ओलांडताच ती धापा टाकत खाली बसते. कधी उलटीही होते. मी स्वतः मिरामारला आठवड्यातून चार दिवस तासभर धावतो, मला असा त्रास होत नाही. तिचा दम कमी पडतो असे समजून मी तिला रोज पहाटे माझ्याबरोबर आठ किलोमीटर न्यायला लागलो आहे. शाळेचे सर म्हणतात, पायांत लॅक्टिक ॲसिड साचते, ते मालिश करून काढले पाहिजे. घरचे तिला धावण्यापूर्वी लिंबू-सोडा देतात. तिने ४०० मीटर सोडून लांब पल्ल्याची शर्यत धरावी का?
— एक वडील, ताळगाव»

आदरणीय वाचक,

तुम्ही दोनशे मीटरची वेळ टिपून ठेवलीत हे फार बरे झाले, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या एका आकड्यात आहे. पहिल्या निम्म्या अंतराला २९ सेकंद आणि दुसऱ्या निम्म्याला ३७, म्हणजे आठ सेकंदांचा फरक. तुलनेसाठी सांगतो : २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये वेड व्हॅन नीकर्क याने ४३.०३ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचे पहिले २०० मीटर सुमारे २०.५ सेकंदांत आणि दुसरे सुमारे २२.५ सेकंदांत झाले होते. त्याच्याही शेवटच्या शंभर मीटरांना जवळजवळ १२ सेकंद लागले, आणि ते त्या शर्यतीतले त्याचे सर्वांत मंद शंभर मीटर होते. शेवटी वेग उतरणे हे या शर्यतीच्या स्वभावातच आहे. तुमच्या मुलीच्या बाबतीत प्रश्न आहे तो वेग किती उतरतो याचा. दोन ते चार सेकंदांचा फरक मी स्वाभाविक मानीन. आठ सेकंदांचा फरक असेल, तर दमाविषयी काही बोलण्याआधी सुरुवातीच्या वेगाकडे पाहावे लागते.

असे का, हे कळण्यासाठी त्या ६६ सेकंदांत स्नायूच्या आत काय घडते ते क्रमाने पाहू. स्नायू आकुंचन पावतो तो एटीपी नावाच्या रेणूच्या बळावर, आणि हा रेणू स्नायूत फार थोडा साठवलेला असतो. पूर्ण जोराने धावताना तो दोन-तीन सेकंद पुरेल इतकाच. म्हणून तो वापरला जात असतानाच पुन्हा तयार व्हावा लागतो, आणि तो तयार करण्याचे तीन मार्ग शरीराकडे आहेत. पहिला मार्ग फॉस्फोक्रिएटिन या साठ्याचा. हा सर्वांत वेगवान, पण पूर्ण जोरात आठ-दहा सेकंदांत बराचसा संपणारा. दुसरा मार्ग स्नायूतील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, प्राणवायूची वाट न पाहता पायरुव्हेट नावाच्या लहान रेणूपर्यंत तोडण्याचा. तिसरा मार्ग त्या पायरुव्हेटचे, तसेच चरबीचे, पेशीतील मायटोकॉन्ड्रियांमध्ये प्राणवायूच्या साहाय्याने पूर्ण ज्वलन करण्याचा. साखरेच्या एका एककामागे दुसऱ्या मार्गाने जेमतेम तीन एटीपी मिळतात आणि तिसऱ्याने तीसच्या आसपास. मात्र दुसरा मार्ग कितीतरी अधिक वेगाने चालतो.

हे तिन्ही मार्ग एकामागून एक सुरू होतात, आधी एक संपतो आणि मग दुसरा उघडतो, असे चित्र पुष्कळांच्या मनात असते. वास्तविक बंदुकीचा आवाज होताच तिन्ही एकदम सुरू होतात. साखर तोडण्याचा मार्ग पहिल्या काही सेकंदांतच भरात येतो. प्राणवायूचा मार्गही पहिल्या पावलापासून चालू असतो, पण हृदय, फुप्फुसे आणि मायटोकॉन्ड्रिया यांना त्याची पूर्ण गती गाठायला वेळ लागतो. पूर्ण जोराच्या धावेत साधारण पंधरा ते तीस सेकंदांच्या दरम्यान केव्हातरी प्राणवायूच्या मार्गाचा वाटा इतर दोहोंच्या बरोबरीला येतो आणि पुढे वाढत जातो. प्रशिक्षित धावपटूंवर झालेल्या मोजमापांत ४०० मीटरच्या एकूण ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांहून थोडी अधिक ऊर्जा प्राणवायूच्या मार्गाने आलेली आढळते, तर ८०० मीटरमध्ये हा वाटा दोन तृतीयांशांच्या जवळ जातो. तुमची मुलगी साठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ धावते, म्हणून तिच्या बाबतीत हा वाटा चाळीस टक्क्यांपेक्षा कमी नसावा. तेव्हा दम वाढवला पाहिजे हा तुमचा विचार अगदीच चुकीचा नाही. तो कसा वाढवायचा, याकडे मी पुढे येतो.

आता लॅक्टिक ॲसिडविषयी. सरांनी जे सांगितले ते कित्येक पिढ्यांच्या क्रीडाशिक्षकांनी शिकलेले आणि शिकवलेले आहे, आणि त्याला एक इतिहास आहे. १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी दाखवले, की बेडकाचा स्नायू थकेपर्यंत आकुंचित केला तर त्यात लॅक्टिक ॲसिड साचते आणि प्राणवायू मिळाला की ते नाहीसे होते. त्यावरून लॅक्टिक ॲसिडच थकवा आणते, हा निष्कर्ष रुजला. पण शरीराच्या सामान्य आम्लतेत ते ॲसिडच्या रूपात जवळजवळ राहतच नाही, लॅक्टेट या रूपात असते. आणि लॅक्टेट तयार होण्यामागे स्नायूचा स्वतःचा मोठा स्वार्थ असतो.

साखर तोडताना तिच्यातून निघणारा हायड्रोजन वाहून न्यायला एनएडी नावाचा वाहक रेणू लागतो, आणि हे वाहक पेशीत मोजकेच असतात. जुन्या गोव्याहून दिवाडीला जाणारी फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. पलीकडच्या धक्क्यावर प्रवासी उतरले नाहीत, तर अलीकडे कितीही गर्दी असली तरी बोट परत येऊ शकत नाही आणि वाहतूक ठप्प होते. हलक्या धावेत हायड्रोजन मायटोकॉन्ड्रियांच्या धक्क्यावर सावकाश उतरवला जातो. पूर्ण जोराच्या धावेत त्या धक्क्यावर दाटी होते, आणि तेव्हा पायरुव्हेट तो हायड्रोजन स्वतःवर घेऊन लॅक्टेट बनते आणि वाहक मोकळा करून परत पाठवते. म्हणजे लॅक्टेट तयार झाले नसते, तर तुमच्या मुलीचे पाय तीनशे मीटरपर्यंत पोहोचण्याच्या खूप आधीच जड झाले असते. याची साक्ष एका दुर्मीळ आजारात मिळते. १९५१ साली ब्रायन मॅकार्डल यांनी वर्णन केलेल्या या आजारात स्नायूला आपले ग्लायकोजेन तोडताच येत नाही. या रुग्णांच्या रक्तात श्रमानंतर लॅक्टेट वाढत नाही, आणि तरीही ते थोड्याशा जोराच्या श्रमाने थकतात, त्यांच्या स्नायूंत गोळे येतात.

मग पाय दगड का होतात? लॅक्टेटच्या जोडीने, पण त्याच्यामुळे नव्हे, स्नायूत दोन गोष्टी साचतात. एटीपी वेगाने वापरला जाताना आणि साखर तोडताना हायड्रोजन आयन सुटतात आणि आम्लता वाढते. आम्लता वाढली की पीएच हे तिचे माप उतरते; विश्रांतीत ७ च्या आसपास असणारा स्नायूचा पीएच ६.५ च्या जवळ येऊ शकतो. (लॅक्टेट बनण्याच्या शेवटच्या पायरीत तर उलट एक हायड्रोजन आयन वापरला जातो.) दुसरी गोष्ट म्हणजे फॉस्फोक्रिएटिन फुटल्यावर मागे राहणारे फॉस्फेट. ते आकुंचनाच्या यंत्रणेचा जोर कमी करते, आणि आकुंचनाचा हुकूम पोहोचवणाऱ्या कॅल्शियमच्या सुटण्यातही अडथळा आणते. आज अनेक अभ्यासक आम्लतेपेक्षा या फॉस्फेटला अधिक दोष देतात, आणि मलाही ते पटते, कारण शरीराच्या नेहमीच्या तापमानात आम्लतेचा थेट परिणाम पूर्वी वाटत होता त्यापेक्षा सौम्य दिसतो.

आता २९ सेकंदांकडे परत येऊ. फक्त २०० मीटर धावायचे असतील, तर तिची उत्तम वेळ बहुधा २८ सेकंदांच्या आसपास असेल. ती एकदा मोजून घ्या. तसे असेल, तर ती ४०० मीटरची पहिली बाजू जवळजवळ पूर्ण वेगाने धावते आहे. त्या वेगाला लागणारी ऊर्जा प्राणवायूचा मार्ग तेवढ्या थोड्या वेळात पुरवूच शकत नाही, म्हणून फॉस्फोक्रिएटिनचा साठा आणि साखर तोडण्याची क्षमता अर्ध्या अंतरातच खर्ची पडते. तीनशे मीटरच्या खुणेवर तिच्याकडे मुख्यत्वे प्राणवायूच्या मार्गाची ऊर्जा उरते आणि त्या ऊर्जेवर जो वेग शक्य आहे तोच तिच्या पायांत दिसतो. दुसऱ्या निम्म्याचे ३७ सेकंद तिच्या मनोबलाच्या कमतरतेतून आलेले नाहीत, आणि हे तुम्ही तिला स्पष्ट सांगावे, कारण या वयात मुली असा दोष फार लवकर स्वतःकडे घेतात.

तिला पहिले २०० मीटर ३०.५ ते ३१ सेकंदांत धावायला सांगा. त्यापेक्षा सावकाश नको. सुरुवात जोरकस असली की प्राणवायूचा मार्गही लवकर वर येतो, म्हणून पहिली पन्नास-साठ मीटर जोरात आणि मग खांदे, जबडा, हात सैल ठेवून वेग वाहू देणे, अशी वाटणी चांगली. दुसरी बाजू ३३ ते ३४ सेकंदांत आली, तर एकूण वेळ ६४ च्या आसपास येईल, तीही फुप्फुसांत किंवा स्नायूंत काहीही न बदलता. हे एका चाचणीत जमणार नाही, कारण आवरलेल्या वेगाची सवय अंगात यावी लागते; पुरेशा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा करून पाहा आणि दोन्ही निम्म्या वेळा लिहून ठेवा. सुरुवात सांभाळूनही फरक पाच सेकंदांहून अधिक राहिला, तर मग वेगात टिकून राहण्याची तिची क्षमता कमी आहे असे म्हणता येईल आणि सराव त्या दिशेने वळवता येईल.

रेषेनंतरच्या धापेविषयी तुम्ही काळजीने लिहिले आहे. १९२० च्या दशकात ए. व्ही. हिल यांनी यालाच प्राणवायूचे कर्ज म्हटले. धावताना प्राणवायूशिवाय भागवलेली ऊर्जा नंतर जास्तीचा प्राणवायू घेऊन फेडली जाते आणि ती फेड मुख्यत्वे लॅक्टिक ॲसिडचा निकाल लावण्यासाठी असते, अशी त्यांची मांडणी होती. त्यातला पहिला भाग अजून उभा आहे. पहिल्या दोन-तीन मिनिटांतला जास्तीचा प्राणवायू बराचसा फॉस्फोक्रिएटिन पुन्हा भरण्यात आणि रक्तातला व स्नायूतला प्राणवायूचा साठा पूर्ववत करण्यात जातो. पण त्यानंतर बराच वेळ चालणारी वाढ लॅक्टेटच्या हिशेबाशी जुळत नाही. तापलेले शरीर, चढलेले ॲड्रेनॅलिन, जोरात चालणारे हृदय आणि श्वासाचे स्नायू यांचाच तो खर्च असतो. शिवाय धापेचे एक कारण प्राणवायूशी थेट संबंधितही नाही. रक्तात आलेली आम्लता तिथल्या बायकार्बोनेटकडून शोषली जाते तेव्हा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकण्यासाठी श्वास वाढतो. उलटी ही त्याच जोराच्या श्रमाची आणि पोटाचा रक्तपुरवठा काही काळ कमी होण्याची खूण आहे. धावण्याआधी दोन-तीन तास पोट जड ठेवले नाही, तर ती बहुधा थांबेल. उकड्या तांदळाची पातळ पेज त्या वेळेआधी घेतलेली चालते.

तुमच्या तासाभराच्या धावेत यातले काही जाणवत नाही, याचे कारण तुम्ही तिच्याहून कणखर आहात असे नाही. तुमचीही पहिली काही मिनिटे जड जात असतील, कारण तेव्हा प्राणवायूचा मार्ग अजून गतीला आलेला नसतो आणि थोडी उसनवारी तुम्हीही करता. त्यानंतर मात्र तुमची गरज आणि पुरवठा जुळतात. लॅक्टेट तुमच्याही स्नायूंत सतत तयार होत असते, पण जेवढे तयार होते तेवढेच शेजारचे मंद तंतू, हृदय आणि यकृत वापरून टाकतात. हृदयाला तर ते इंधन म्हणून आवडते. त्यामुळे रक्तात ते विश्रांतीच्या १ मिलिमोल प्रतिलिटरपासून फारसे दूर जात नाही. ४०० मीटरनंतर चांगल्या धावपटूंत हाच आकडा १५ ते २० पर्यंत जातो. तुम्ही दोनापावलाच्या चढावर मिरामारचाच वेग टिकवायचा प्रयत्न केलात, तर मुलीच्या शेवटच्या शंभर मीटरांची थोडी ओळख तुम्हालाही होईल. मात्र तुमच्या वयात पूर्ण जोराची धाव डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

रोज पहाटेचे आठ किलोमीटर थांबवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हलकी धाव वाईट नाही. तिने प्राणवायूचा मार्ग सुधारतो, आणि फॉस्फोक्रिएटिन पुन्हा भरण्याचे कामही त्याच मार्गावर अवलंबून असल्याने दोन धावांमधली सावरण्याची गती वाढते. पण त्यासाठी आठवड्यातून दोनदा, पंचवीस-तीस मिनिटे, बोलता येईल इतक्या संथ गतीने धावणे पुरेसे आहे, आणि तेवढ्यासाठी तुमची सोबत तिला अवश्य द्या. रोजचे आठ किलोमीटर तिला मुख्य सरावाला थकलेल्या पायांनी पाठवतात. मुख्य सरावात एक दिवस तीस ते साठ मीटरच्या पूर्ण वेगाच्या धावा असाव्यात आणि प्रत्येकीनंतर तीन ते पाच मिनिटे विश्रांती असावी. ही विश्रांती पाहून पुष्कळ पालकांना मूल आळस करते आहे असे वाटते; पण फॉस्फोक्रिएटिनचा निम्मा साठा भरायला साधारण अर्धे मिनिट आणि जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. विश्रांती कापली, तर पुढची धाव मंद होते आणि वेगाचा सराव वेगळ्याच सरावात बदलतो. दुसऱ्या एका दिवशी शर्यतीच्या वेगाने २५० ते ३०० मीटरच्या दोन किंवा तीन धावा, मध्ये आठ-दहा मिनिटांचे अंतर ठेवून, घ्याव्यात. असा कठीण दिवस आठवड्यातून एकच पुरे. सरावाची शेवटची धाव पहिलीपेक्षा फारच मंद होऊ लागली, की तो दिवस तिथेच संपवावा.

मालिशने लॅक्टेट निघत नाही. शर्यतीनंतर पाच-सात मिनिटांनी ते रक्तात सर्वाधिक असते आणि साधारण तासाभरात आपोआप पूर्वपदाला येते. संथ चालत किंवा अगदी हलके धावत राहिल्यास आणखी लवकर, कारण हलके काम करणारे स्नायूच ते जाळतात. म्हणून रेषेनंतर तिला बसू देऊ नका. दहा-पंधरा मिनिटे चालवा. एकदम थांबल्याने रक्त पायांत साचते आणि चक्कर येते, तीही त्यामुळे टळेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे पाय दुखतात, त्याचा लॅक्टेटशी संबंध नाही, कारण तोवर ते शरीरात उरलेलेच नसते. ते दुखणे स्नायू ताणला जात असताना ताकद लावावी लागल्याने तंतूंना होणाऱ्या सूक्ष्म इजेचे असते. म्हणूनच उतारावरून धावल्यावर पाय जास्त दुखतात, जरी लॅक्टेट तेव्हा कमी तयार होते. मालिशने तिला बरे वाटत असेल तर जरूर करा, फक्त ती लॅक्टेट काढण्यासाठी करतो असे मानू नका.

लिंबू-सोडा बंद करा. बाटलीतल्या सोड्यात कार्बन डायऑक्साइड वायू असतो आणि तो धावण्याआधी फक्त पोट फुगवतो. ज्या सोड्यावर संशोधन झाले आहे तो खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याने स्नायूतून आम्लता बाहेर पडायला मदत होते आणि एक ते काही मिनिटांच्या शर्यतीत थोडा लाभ दिसतो, हे खरे आहे. पण त्याची अभ्यासलेली मात्रा वजनाच्या दर किलोला ०.३ ग्रॅम आहे, म्हणजे पन्नास किलोच्या मुलीला पंधरा ग्रॅम, आणि एवढ्या सोड्याने मळमळ, उलटी, जुलाब फार जणांना होतात. जिला आधीच उलटी होते, अशा सतरा वर्षांच्या मुलीवर हा प्रयोग कोणीही करू नये.

एक तपासणी मात्र मी न टाळण्याचा आग्रह धरीन : हिमोग्लोबिन आणि शरीरातील लोहाचा साठा. किशोरवयीन मुलींमध्ये पंडुरोग आपल्याकडे खूप आढळतो आणि तो असेल तर प्राणवायू पोहोचवणारे वाहनच अपुरे पडते. मग सुरुवातीचा वेग कितीही नेमका ठरवला तरी दुसरे २०० मीटर सुधारणार नाहीत. हलक्या धावेतही तिला पूर्वीपेक्षा जास्त धाप लागत असेल, जिना चढताना थकवा जाणवत असेल, तर ही तपासणी लगेच करा. धावता धावता छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येणे, किंवा कठीण सरावानंतर लघवी काळ्या चहाच्या रंगाची होणे, यांपैकी काहीही दिसले तर सराव थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

शर्यत बदलण्याचा निर्णय आज घेऊ नये. सुरुवात सांभाळून धावलेल्या वेळा आणि रक्ताचा अहवाल हाती येऊ द्या. २८ सेकंदांत २०० मीटर धावणारी मुलगी वेगवान आहे, आणि तो वेग पाच किलोमीटरच्या शर्यतीत वाया जाईल. ४०० मीटर तिला खरोखरच नको वाटू लागले, तर मधला पर्याय ८०० मीटरचा आहे. वरच्या पद्धतीने दोन-अडीच महिने सराव झाल्यावर एकदा ८०० मीटरची वेळ घ्या. त्यातही पहिला फेरा दुसऱ्यापेक्षा दोन-तीन सेकंदांहून अधिक वेगाने जाऊ देऊ नका. मग दोन्ही शर्यतींच्या वेळा सरांना दाखवा आणि कोणती धरायची हे तिलाच ठरवू द्या.